खेळतं भांडवल किती धरायचं: अंबडच्या एका प्रेस शॉपचा हिशोब

प्रश्न: अंबड एमआयडीसीत माझं प्रेस शॉप आहे, वाहनांचे शीट मेटलचे पार्ट करतो. वर्षाची विक्री जीएसटी सोडून ३ कोटी ६० लाख. बँकेच्या कॅश क्रेडिटच्या, म्हणजे सीसीच्या, लिमिटसाठी मी असा हिशोब केला: कच्चा माल २० दिवस, शॉपमध्ये ८, तयार माल ७, ग्राहकाची उधारी ४५, वजा पत्र्याच्या व्यापाऱ्याची उधारी ३०. म्हणजे ५० दिवसांचं चक्र. रोजचा रोख खर्च ८७ हजार, म्हणून साडेत्रेचाळीस लाख, वर सुरक्षिततेसाठी दहा टक्के, एकूण ४८ लाख. तेवढी सोय असूनही महिनाअखेरीला पैसे कमीच पडतात. चूक कुठे होते आहे?

उत्तर:

बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. पण सगळे दिवस एकाच ८७ हजारांनी गुणले, तिथे पहिली गडबड आहे. दुसरी आणि मोठी गडबड दिवसांमध्येच आहे: हे दिवस पर्चेस ऑर्डरवर लिहिलेले आहेत, तुमच्या खात्यात घडलेले नाहीत. आधी पहिली गोष्ट उरकू.

तुमच्या रोजच्या १ लाखाच्या विक्रीतले ८७ हजार रोख खर्चाचे म्हणालात. अशा शॉपचा खर्च मी साधारण असा फोडतो: स्क्रॅपचे पैसे वजा जाता पत्रा ६० हजार, मजुरी १२ हजार, वीज-प्लेटिंग-डाय दुरुस्ती मिळून १० हजार, ऑफिस आणि वाहतूक ५ हजार. उरलेल्या १३ हजारांत ५ घसारा आणि ८ नफा, तोही व्याज आणि घरखर्च जाण्याआधीचा. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, ते घालून बघा.

आता रॅकवर पडलेल्या कॉइलमध्ये फक्त पत्र्याचे पैसे अडकलेले असतात. त्यावर अजून मजुरी लागलेली नाही, वीजही नाही. म्हणून ते २० दिवस ६० हजारांनीच गुणायचे. शॉपमधल्या अर्धवट मालात पत्रा पूर्ण गेलेला असतो, पण मजुरी आणि कारखान्याचा खर्च हळूहळू चढतो, म्हणून त्यांचा निम्मा धरायचा: ६० अधिक ११, रोजचे ७१ हजार. तयार मालावर पत्रा, मजुरी आणि कारखान्याचा खर्च मिळून ८२ हजार. ग्राहकाकडच्या उधारीवर पूर्ण ८७ हजार. इथे १ लाख का धरत नाही, असं बरेच जण विचारतात. नफा आणि घसारा या काही तुमच्या खिशातून बाहेर गेलेल्या रकमा नाहीत. त्या यायच्या आहेत, पण त्यांच्यासाठी पैसा उभा करावा लागलेला नाही. ताळेबंदात मात्र येणी बिलाच्या रकमेनेच दिसतील, त्यामुळे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका.

वजा बाजूलाही हाच न्याय. व्यापाऱ्याचे ३० दिवस फक्त पत्र्याला लागू आहेत. तुम्ही ते ८७ हजारांनी गुणले, म्हणजे मजुरांनीही तुम्हाला महिनाभर उधार दिल्यासारखं झालं. मजुरांची उधारी असते, पण वेगळी. महिनाभराचा पगार पुढच्या ७ तारखेला होतो, म्हणजे सरासरी १५ अधिक ७, एकूण २२ दिवस. वीजबिल आणि प्लेटिंगवाल्याचं मिळून मी १५ दिवस धरतो. ऑफिसखर्चाला काही नाही.

तुमचेच दिवस ठेवून, फक्त योग्य रकमेने गुणून मांडलं तर असं होतं:

कच्चा माल २० × ६०,००० = १२.०० लाख
शॉपमधला माल ८ × ७१,००० = ५.६८ लाख
तयार माल ७ × ८२,००० = ५.७४ लाख
ग्राहकांची उधारी ४५ × ८७,००० = ३९.१५ लाख
एकूण अडकलेले ६२.५७ लाख

वजा: पत्रा ३० × ६०,००० = १८.०० लाख
मजुरी २२ × १२,००० = २.६४ लाख
इतर खर्च १५ × १०,००० = १.५० लाख
एकूण २२.१४ लाख

निव्वळ गरज ४०.४३ लाख

तुमचे ४३.५ आणि हे ४०.४ यांत फारसा फरक नाही, मग एवढा खटाटोप कशाला? फरक कमी दिसतो कारण तुमच्या चुका एकमेकींना खाऊन गेल्या. मालाच्या बाजूला तुम्ही जास्त धरलं, मजुरीची उधारी धरलीच नाही, आणि व्यापाऱ्याच्या उधारीपोटी नको तेवढं वजा केलं. उद्या व्यापाऱ्याने उधारी कमी केली किंवा पत्र्याचा भाव चढला, की तुमची पद्धत कुठल्या कुठे जाईल. शिवाय मुख्य प्रश्न तसाच राहतो: हिशोबाने ४० लाख लागतात, सोय ४८ची आहे, तरी पैसे कमी का?

कारण दिवस खरे नाहीत. इथे थोडं थांबून बघू, कारण तुमचे २० लाख याच फटीतून गेले आहेत.

आधी ग्राहकाचे ४५ दिवस घ्या. पर्चेस ऑर्डरवर '४५ दिवस' असतं, पण कुठून ४५? तुमचा टेम्पो गेटमधून आत गेला त्या दिवसापासून नव्हे, त्यांच्या सिस्टीममध्ये माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, झाली त्या दिवसापासून. इन्स्पेक्शन अडकलं, बिलावर पार्ट नंबर चुकला, शनिवारी माल गेला, की ३-४ दिवस जातात. मग ४५ दिवस पूर्ण झाले तरी पैसे त्याच दिवशी येत नाहीत. बहुतेक मोठ्या कंपन्या महिन्यातून ठरावीक तारखांना पेमेंट सोडतात, समजा १० आणि २५. तुमचं बिल ११ तारखेला देय झालं तर ते २५ ची वाट बघतं. सरासरी आठवडा त्यात जातो. म्हणजे ४ अधिक ४५ अधिक ७, एकूण ५६ दिवस. यात कुणी पेमेंट थकवलेलं नाही, सगळं नियमाने चालू असताना ५६ आहेत.

हा आकडा माझ्या शब्दावर घेऊ नका, तुमच्या टॅलीतून काढा. कुठल्याही महिनाअखेरची ग्राहकांची एकूण येणी घ्या, जीएसटीसह. समजा ६६ लाख आहेत. त्यातून चालू महिन्याचं बिलिंग वजा करा: ३० लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५.४ लाख. हे झाले ३० दिवस. उरले ३०.६ लाख, ते मागच्या महिन्याच्या ३५.४ लाखांचा सुमारे ८६ टक्के भाग आहेत, म्हणजे आणखी २६ दिवस. एकूण ५६. अशी मागे मोजत जाण्याची पद्धत वार्षिक सरासरीपेक्षा बरी, कारण विक्री वर-खाली झाली तरी ती फसत नाही. आणि फक्त ३१ मार्चची येणी घेऊ नका. मार्चअखेरीला कधी ग्राहक खाती साफ करतो, कधी आपणच टार्गेटपायी भरमसाट बिलं काढतो. दोन्हीकडून तो दिवस खोटं बोलतो. बारा महिन्यांच्या बारा अखेरी घ्या.

जीआरएनबद्दल एक कायदेशीर मुद्दा सांगून ठेवतो. तुमची उद्यम नोंदणी असेल आणि उद्योग सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार मुदत माल प्रत्यक्ष पोचल्यापासून मोजतात. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस. करार लेखी असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशिरावर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही दट्ट्या आणला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पेमेंट केलेल्या वर्षीच वजा मिळतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अकाउंट्सवाले जरा हलतात. पण पुढच्या ऑर्डरींचं शेड्यूल ज्याच्या हातात आहे त्याच्यावर व्याजाचा दावा कोण लावतो, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. म्हणून कायदा हाताशी ठेवा, पण हिशोबात ५६ च धरा.

आता व्यापाऱ्याचे ३० दिवस. कळंबोलीहून नियमित येणाऱ्या कॉइलला ३० दिवस मिळत असतील. पण शेड्यूल अचानक वाढलं, किंवा एखादी जाडी संपली, की तुम्ही इथल्या स्टॉकिस्टकडून शीट उचलता आणि तो दोन-तीन दिवसांत पैसे मागतो. खरेदी खातं उघडून बघा, अशा शॉपमध्ये एक तृतीयांश पत्रा तरी असा रोखीचा निघतो. दोन तृतीयांशाला ३० आणि एक तृतीयांशाला ३ दिवस, तर सरासरी २१. दिवस ३० वरून २१ वर आले म्हणजे ५ लाख ४० हजारांची उधारी कागदावरच राहिली.

मालाचं तसंच. २० दिवसांचा स्टॉक हे तुमचं नियोजन आहे. रॅकवर मात्र बंद झालेल्या मॉडेलची दोन कॉइल, किमान लॉट घ्यावा लागला म्हणून आलेली जास्तीची शीट आणि 'पुढे लागेल' म्हणून ठेवलेले तुकडे असतात. स्टॉकची किंमत भागिले रोजचा ६० हजारांचा वापर केला की २६ च्या आसपास आकडा निघतो. प्लेटिंगला सातपूरला गेलेला माल अनेक जण मोजतच नाहीत, कारण तो आपल्या छताखाली नसतो. पण पैसे आपलेच अडकलेले असतात. तो धरला की शॉपचे ८ दिवस १० होतात. तयार मालाचे ७ मी तसेच ठेवतो.

या दिवसांनी पुन्हा:

कच्चा माल २६ दिवस, १५.६० लाख
शॉपमधला माल १० दिवस, ७.१० लाख
तयार माल ७ दिवस, ५.७४ लाख
ग्राहकांची उधारी ५६ दिवस, ४८.७२ लाख
वजा पत्रा २१ दिवस, १२.६० लाख
वजा मजुरी आणि इतर खर्च, ४.१४ लाख
निव्वळ गरज ६०.४२ लाख

४० चे ६० झाले. धंदा तोच, पार्ट तेच.

याला जीएसटी जोडायचा राहिला आहे. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत तो नसतो आणि बँकेच्या फॉर्ममध्ये बहुधा विक्री जीएसटी सोडून मागतात, म्हणून तो निसटतो. तुम्ही बिल फाडलं की कर लागू झाला. ग्राहक ५६ दिवसांनी देणार असला तरी दरमहा रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो. महिन्यातल्या बिलांना सरासरी १५ दिवस अधिक २०, म्हणजे ३५ दिवस. तुमच्या रोजच्या विक्रीवर १८ हजार कर आहे, ५६ दिवसांचा मिळून १०.०८ लाख ग्राहकाकडे अडकलेला. त्याच्या बदल्यात पत्र्यावरचा रोजचा १०,८०० कर तुम्ही व्यापाऱ्याला २१ दिवस उशिरा देता, तो २.२७ लाख, आणि क्रेडिट वजा जाऊन सरकारला द्यायचे रोजचे ७,२०० रुपये ३५ दिवस तुमच्याकडे राहतात, ते २.५२ लाख. निव्वळ ५.२९ लाख तुमच्या खिशातून जीएसटीत अडकलेत. वीज सोडून इतर खर्चावरचं क्रेडिट मी धरलेलं नाही, आकडा थोडाच हलेल.

एकूण ६५.७ लाख. इथपर्यंत अजून सुरक्षिततेचा एक रुपयाही धरलेला नाही.

आता ते दहा टक्के. परीक्षेच्या गणितात 'सुरक्षिततेसाठी १०% जोडा' असतं. तिथेही कशाचे दहा टक्के हा प्रश्न असतो: निव्वळ गरजेवर जोडले तर ७२.३ लाख, आणि अंतिम रकमेतला दहावा भाग सुरक्षिततेचा हवा असेल तर ०.९ ने भागून ७३ लाख. पण तुमच्या शॉपला दहा टक्केच का पुरावेत, याचं उत्तर त्या गणितात नाही. सुरक्षिततेची रोख टक्क्यांवर ठरवू नका, एका नेमक्या प्रसंगावर ठरवा: मोठ्या ग्राहकाचं एक पेमेंट एक फेरी चुकलं, तर त्या पंधरवड्यात जे थांबवताच येत नाही ते द्यायला किती लागेल?

तुमच्या विक्रीतला समजा ६५ टक्के वाटा एकाच कंपनीचा आहे. २५ तारखेचं पेमेंट १० वर गेलं. या पंधरा दिवसांत बाकीच्या ग्राहकांकडून ३५ टक्के, म्हणजे सुमारे ६.२ लाख येतील. जाणारे बघा. ७ तारखेचे पगार ३.६ लाख. मशीनच्या कर्जाचा हप्ता, समजा १.४ लाख. वीज, प्लेटिंग वगैरे दीड लाख. ऑफिस-वाहतूक ७५ हजार. आणि पत्र्याचे. कॉइलवाल्याला तुम्ही पुढच्या तारखेचे चेक दिलेले असतात. ते परत गेले तर कलम १३८ ची नोटीस येते आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्याकडची उधारी कायमची बंद होते. पंधरवड्याचा पत्रा जीएसटीसह १०.६२ लाख, त्यातला चेकचा दोन तृतीयांश भाग ७.०८ लाख. रोखीची खरेदी मात्र थांबवता येते. तितके दिवस रॅकवरच्या मालावर भागवायचं, स्टॉक २६ दिवसांवरून २१ वर येईल आणि प्रेस बंद पडणार नाही. मिळून जाणारे १४.३ लाख, येणारे ६.२. खड्डा ८.१ लाखांचा.

हीच तुमची सुरक्षिततेची रोख, ८ लाखांच्या आसपास. ६५.७ च्या मानाने ती सव्वाबारा टक्के पडते. एकाऐवजी सहा ग्राहक असते आणि कुणाचाही वाटा पाचव्या भागाहून जास्त नसता, तर याच शॉपला दोन-तीन लाखही पुरले असते. उलट, रॅकवर पाचच दिवसांचा माल ठेवणाऱ्याला रोखीची खरेदी थांबवण्याची चैन नाही, त्याला जास्त लागेल. म्हणजे कमी स्टॉक ठेवून वाचवलेल्या पैशांतला काही भाग पुन्हा रोख म्हणून बाजूला ठेवावाच लागतो, हे लक्षात असू द्या.

एकूण गरज ७३.८ लाख. हे तुमच्या ४८ च्या जागी लिहायचं.

बँकेचं काय? लहान उद्योगांना नायक समितीच्या शिफारशीतून आलेली उलाढाल पद्धत लावतात: अंदाजित विक्रीच्या २५ टक्के एकूण गरज, त्यातले २० टक्के बँकेचे आणि ५ टक्के तुमचे. तीन महिन्यांचं चक्र त्यात गृहीत आहे. ३.६ कोटींवर बँकेचे ७२ लाख होतात. हे ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो, कारण मंजूर लिमिट आणि ड्रॉइंग पॉवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून बँक ठरवते की आज तुम्हाला किती उचलता येईल.

तुमच्या आकड्यांवर करून बघू. तिन्ही ठिकाणचा माल २८.४४ लाख, त्यातून व्यापाऱ्याचं देणं जीएसटीसह १४.८७ लाख वजा, उरले १३.५७. त्यावर २५ टक्के मार्जिन कापून १०.२ लाख. येणी बिलाच्या किमतीने ६६.१ लाख, त्यावरही २५ टक्के मार्जिन धरलं तर ४९.६. एकूण ड्रॉइंग पॉवर ५९.७ लाख. काही बँका येण्यांवर ४० टक्क्यांपर्यंत मार्जिन ठेवतात, मग ती याहून खूप खाली येते; तुमच्या मंजुरीपत्रात काय लिहिलंय ते आधी वाचा. म्हणजे लिमिट ७२ लाखांचं मंजूर झालं तरी हातात ६० लाखच, आणि गरज ७४. मधले १४ लाख तुमचे हवेत, तेही दीर्घ मुदतीचे: भांडवल, घरच्यांकडचं कर्ज किंवा साठलेला नफा. नवीन प्रेस घेताना सीसीतून डाउन पेमेंट केलेलं असेल तर हे १४ लाख तिथे गेलेत, असं समजा. पैसे कायम कमी पडणाऱ्या शॉपच्या खात्यांत मी सगळ्यात आधी हेच शोधतो.

सुरक्षिततेचे ८ लाख चालू खात्यात नुसते ठेवायची गरज नाही. सीसीत न उचललेली जागा ठेवली तर व्याजही वाचतं. पण ती जागा ड्रॉइंग पॉवरच्या आतली हवी, लिमिटच्या आतली असून उपयोग नाही. आणि एक वाईट योगायोग ध्यानात घ्या: बहुतेक बँका ९० दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. समजा एका ग्राहकाने १२ लाखांची बिलं वादात अडकवली आणि ती ९० दिवसांपलीकडे गेली. पैशाची गरज सर्वांत जास्त असते त्याच दिवशी बँक ९ लाखांची जागा काढून घेते. म्हणून ७५ दिवस झालेलं बिल हा तुमच्यासाठी धोक्याचा कंदील आहे, ९१ वा दिवस उजाडण्याची वाट बघायची नाही. मोठा ग्राहक बिलं वटवण्याच्या ट्रेड्स या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर असेल तर त्याने बिल स्वीकारल्यावर ते तिथे वटवता येतं, आणि ग्राहकाने नंतर पैसे दिले नाहीत तरी वटवणारा तुमच्याकडे परत येत नाही. व्याज जातं, पण ५६ दिवसांचे बारा-पंधरा होतात. निदान त्या एका ग्राहकापुरतं हे करण्यासारखं आहे.

शेड्यूल वाढेल तेव्हाचा हिशोबही आताच करून ठेवा. सणासुदीआधी ग्राहक म्हणाला, तीस टक्के जास्त द्या. विक्री रोजची १ लाख ३० हजार होईल, आणि दिवस तेच राहिले तर गरज ६५.७ वरून ८५.४ वर जाईल: सुमारे २० लाख नवे, तेही दोन-अडीच महिन्यांत. त्या काळात धंदा घसारा धरून महिन्याला पाच लाखांच्या आसपास कमावेल, त्यातून हप्ता, व्याज आणि घरखर्च जाणार. म्हणजे वाढीव ऑर्डरचा पहिला पैसा यायच्या आधी तुम्ही अडचणीत. अशा वेळी आगाऊ हंगामी लिमिट मागायचं असतं, आणि ते ऑर्डरचं पत्र हातात आल्याच्या आठवड्यात. पगार अडल्यावर मागायला गेलात तर बँकेला ते वाढीचं न दिसता आजारपणाचं दिसतं.

हा सगळा हिशोब बारा महिने साधारण सारखं उत्पादन असलेल्या शॉपचा आहे. तुमच्या भावाची निफाडकडे बेदाण्याची शेड असेल किंवा लासलगावला चाळीत कांदा साठवत असेल, तर त्याला हे सरासरी दिवस देऊ नका. द्राक्षं किंवा उन्हाळ कांदा दोन-तीन महिन्यांत घ्यावा लागतो आणि माल वर्षभर किंवा दिवाळीपर्यंत सुटत राहतो. तिथे सरासरी काढली तर एप्रिल-मेमध्ये निम्मेच पैसे हातात असतात. तिथे महिन्यागणिक रोकड मांडून सर्वांत खोल महिना शोधावा लागतो, आणि लिमिट त्या महिन्याला बसवायचं.

तुमचा नवा अंदाज बरोबर आहे की नाही, हे सीसीच्या स्टेटमेंटमध्येच कळेल. प्रत्येक महिन्यातली सर्वांत कमी उचल कोणत्या तारखेला आणि किती, ते एका वहीत लिहा. मोठ्या ग्राहकाचं पेमेंट आल्या दिवशी खातं ड्रॉइंग पॉवरच्या निदान आठ-दहा लाख खाली आलं पाहिजे. त्या दिवशीही ते वरच्या टोकाला चिकटलेलं राहत असेल, तर एकतर दिवस पुन्हा लांबलेत किंवा मधले १४ लाख अजून आलेले नाहीत. आधी येण्यांचे दिवस मागे मोजून बघा. ते ५६ च निघाले तर दुसरं कारण खरं.